मैत्रिणीच्या मानसिक आजाराबद्दल लिहिताना काय ठेवलं, काय गाळलं? अनुभव सांगा

केवडा:
काल गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने मित्राच्या डिप्रेशनची गोष्ट टाकली, फोटोसकट, आणि मला माझी कॉलेजची मैत्रीण आठवली. तिला बायपोलर आहे. बांबोळीच्या ओपीडीत तिच्याबरोबर बसायचे, लिथियम सुरू झाल्यावर रक्त तपासायला न्यायचे. तेव्हा कुणाचा अनुभव वाचायला मिळाला असता तर किती आधार झाला असता, म्हणून लिहावंसं वाटतं. पण आपलं गोंय केवढं, फोंड्यात शिंकलं तर मडगावात कळतं. कुणी लिहिलंय का असं?

दर्यावर्दी:
नाव बदला, झालं. आणि 2017 चा मानसिक आरोग्याचा कायदा आहे, परवानगीशिवाय लिहिलं तर सरळ गुन्हा. जपून.

पाटलीण_डिचोली:
केवडाताई तिला लवकर दाखवा हो, वेळ घालवू नका. 14416 टेलिमानस, फुकट आहे, रात्रीपण उचलतात. माझ्या दिराला तिथूनच धीर मिळाला, तो तर जेवायचाच बंद झालेला, आम्ही आधी पोटाचं समजून दोन डॉक्टर केले

केवडा:
अगो तिचे उपचार चालू आहेत, लिहिण्याबद्दल विचारत होते 🙂 पण नंबर दिलात ते बरं केलंत.

जुना_संपादक:
दर्यावर्दी, कायदा आहे, पण त्यातलं गोपनीयतेचं कलम उपचार करणाऱ्यांना बांधतं. त्याच्या पुढचं कलम उपचार घेणाऱ्याचा फोटो, माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांकडे देऊ नये असं सांगतं. मैत्रिणीने आठवण लिहिली तर काय, याचं सरळ उत्तर मला त्यात दिसलं नाही. त्यामुळे कायदा बाजूला ठेवून माणसाकडे बघावं.

आणि नाव बदलून भागत नाही. आमच्या वाचनालयाच्या चवथ अंकाला एकाने मित्राच्या स्किझोफ्रेनियावर लेख दिला. नाव बदललेलं, पण पेडण्याचा नदीकाठचा वाडा, भजनात पखवाज वाजवणारा, जत्रेत मधेच उठून गेलेला, हे सगळं तसंच. मी दुसऱ्या परिच्छेदातच ओळखला. एकेकटा तपशील कुणाचाही असतो, तीन एकत्र आले की एकच माणूस उरतो.

मग तो लेखक मित्राला घेऊनच आला. तालुका काढला. पखवाज काढला, त्याजागी दुसरं वाद्यही घातलं नाही, 'गावच्या सगळ्या कार्यक्रमांत असायचा' एवढंच. जत्रेचं 'लोक जमलेले असताना' झालं. पण आवाज ऐकू येणं, बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडल्यावर काही आठवड्यांत सगळं परत येणं, हे अक्षरही न बदलता ठेवलं, कारण वाचणाऱ्याच्या उपयोगाचं तेच, आणि तिथे फेरफार केला तर आजाराबद्दलच खोटं पसरतं. वर एक ओळ टाकली, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

तरी एक राहिलंच होतं, ते मित्रानेच दाखवलं. खाली लेखकाचं नाव आलं की त्याचा जिवलग मित्र कोण हे गावाला ठाऊकच. शेवटी लेख निनावी छापला. (इथे सांगतानाही वाद्य आणि तालुका मी बदललाय.)

केवडा:
बापरे. माझं नाव हाच तिचा पत्ता, हे डोक्यातच आलं नव्हतं.

अनामिका_साष्टी:
मी दुसऱ्या बाजूची. माझ्यावर लिहिलं गेलंय. मैत्रिणीने विचारलं होतं, मी हो म्हटलं, पण तेव्हा माझा मूड चढलेला, मी सगळ्यालाच हो म्हणत होते, त्याच आठवड्यात लोन काढून स्कूटर बुक केलेली, झोप दोन तास. औषधं लागू पडून मी स्थिर झाल्यावर तिने परत विचारायला हवं होतं, आणि छापायच्या आधी लिहिलेलं हातात द्यायला हवं होतं. आजार लिहिला त्याचं वाईट नाही वाटलं. पहाटे तीनला मी पाठवलेले मेसेज तिने जसेच्या तसे घातले ते लागलं. ते माझे शब्द होते पण मी तशी बोलणारी नाही. तिने स्वतःला काय वाटलं, आईला फोन कसा लावला, हॉस्पिटलच्या बाकावर रात्र कशी काढली ते लिहिलं असतं तर मला आवडलं असतं. ते तिचं होतं.

सांतेर:
🙏 वाचून गप्प झाले. सावकाश लिहा ताई, दमू नका.

पाटलीण_डिचोली:
खरंय. घरात लग्नाची मुलगी असली तर आणखीनच. कुणाला पातोळ्यांना हळदीची पानं हवी असतील तर आमच्याकडे भरपूर आहेत.

सांतेर:
मला हवीत! म्हापशाला येताय का शुक्रवारी?

रानातला:
माझा मित्र आता नाही. त्याने कधी हो-नाही सांगितलं नाही, घरचे म्हणतात नको. नऊ पानं लिहून ठेवलीत, मी तरी कुणाला विचारू?

जुना_संपादक:
घरचे नको म्हणताहेत तोवर मी छापणार नाही.

अनामिका_साष्टी:
मला तसं नाही वाटत. माझ्या घरचे तर मी जिवंत असतानाही नकोच म्हणतील, लाजेने. मी गेल्यावर त्यांनीच का ठरवायचं?

जुना_संपादक:
हे मी आजवर या बाजूने बघितलं नव्हतं. रानातला, ती पानं फाडू मात्र नका.

पाटलीण_डिचोली:
शुक्रवारी येते, अकराच्या आत.