मोड आलेले कडवे वाल आहेत का कुणाकडे?

बी-४०३: नमस्कार मंडळी, रविवारी रात्री त्रास देतेय, पण कुणाकडे मोड आलेले कडवे वाल आहेत का? उद्या श्रावणी सोमवार, संध्याकाळी उपास सोडायला ९ माणसं आहेत आणि आमचे वाल अजून डब्यातच आहेत.

ए-१०२: अगं, तुझ्या सासूबाई तर दोन दिवस आधीच भिजत घालतात ना?

बी-४०३: घालतात, पण त्या नणंदेकडे पेणला गेल्यात. काल संध्याकाळी तिथल्या एसटी स्टँडवरून त्यांनी आमच्या सोन्याला व्हॉइस मेसेज पाठवला, “सोन्या, कपाटातून वाल काढ नि कोमट पाण्यात रात्रभर भिजत घाल, वर काही तरंगलं तर काढून टाक, सकाळी उपस आणि पंच्यात घट्ट बांधून उबेला ठेव, साल मी आल्यावर काढते.” नेमका ‘वाल’ म्हणताना मागे गाडीचा हॉर्न वाजला आणि हा मुलगा सगळे मेसेज दुप्पट स्पीडने ऐकतो, त्याला वाटलं शाल. शेवटचं ‘साल मी काढते’ पण त्याला ‘शाल मी काढते’ ऐकू आलं, मग खात्रीच झाली.

डी-३०१: म्हणजे त्याने शाल भिजवली??

बी-४०३: हो ना काका, आई शाळेतून रिटायर झाल्या तेव्हा मिळालेली ती लोकरीची. बादलीत कोमट पाणी घेतलं, वर दोन धागे तरंगत होते ते पण काढून टाकले, सकाळी उपसली, पंच्यात गाठोडं बांधलं आणि फ्रिजमागे उबेला ठेवलं. एक पण स्टेप चुकवली नाही हो त्याने. मला वाटलं वालाचंच गाठोडं आहे, म्हणून मी हात पण लावला नाही.

ए-१०२: 😂😂 मग कळलं कधी?

बी-४०३: आज संध्याकाळी आईंचा मेसेज आला, “फुगले का रे छान?” याने लिहिलं, “नाही आजी, उलट जरा आटल्यासारखी वाटते.” त्या म्हणाल्या आटतील कसे, वास बघ, आंबूस येतोय का. हा म्हणाला, “नाही गं, डांबरगोळ्यांचा येतोय.” पुढच्या मिनिटाला आईंचा फोन! मग गाठोडं सोडलं तर आत शाल. त्या इतक्या हसल्या की ननंदबाईंनी फोन हातातून घेतला.

सी-२०१: वहिनी, आधी शालीचं बघा. पिळू नका, कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून नुसती दाबा आणि चादरीवर आडवी पसरा. दोरीवर टाकली तर ओल्या लोकरीच्या वजनानेच ती ओढली जाऊन वाकडी होते. ऊन नको, पंख्याखाली ठेवा.

बी-४०३: थँक्यू दादा, लगेच करते. आणि वालांचं काय, आत्ता भिजत घातले तर?

डी-३०१ काकू: आत्ता घातलेस तर सकाळी नुसते फुगलेले मिळतील. मोड यायला बांधल्यावर एक दिवस तरी जातो, पावसाळी हवेत दीड पण लागतो. फुगलेले सोलता येतात, पण मोड नसेल तर बिरड्याला ती गोडी येत नाही बघ.

ए-१०२: अगं माझे आहेत ना! पाव किलो शुक्रवारी रात्री घातले होते, छान मोड आलेत, आम्ही दोघंच खाणार. निम्म्याहून जास्त घेऊन जा.

सी-२०४: माझ्याकडे पण वाटीभर आहेत, सोन्याला पाठव.

बी-४०३: देव पावला! सोलायला किती वेळ लागेल पण?

डी-३०१ काकू: अर्धा तास गरम पाण्यात ठेव, मग चिमटीत दाबलं की डाळिंबी सुळकन बाहेर येते. जे भिजूनही खडा राहिलेत ते गणंग, ते बाजूला काढ, शिजतच नाहीत मेले. उद्या ५ वाजता खाली लॉबीत ये, आम्ही चौघी बसतो, तासात होतील. वाटणात लसूण नको हं, श्रावण आहे, जिरं-खोबरं घे आणि आमसूल-गूळ शेवटी.

(सोमवार)

बी-४०३: मंडळी, वाल सोलून झाले!! लॉबीत ६ पोरं पण बसली होती, सोन्याने एकट्याने दोन वाट्या सोलले आणि गणंग ११ काढले, मोजून. आई पण ४ च्या गाडीने आल्या, बिरडं त्यांनीच फोडणीला टाकलंय. शाल वाळली, काठ थोडासा आखडलाय, पण आई म्हणतात पहिल्यापेक्षा मऊ लागते, पाऊस पडतोय म्हणून आत्ता तीच पांघरून बसल्यात.

आजी (बी-४०३): बिरडं भरपूर झालंय. ८ वाजता सगळ्यांनी वाट्या पाठवा.

सोन्या: आजी, वाट्या ना? पाट्या नाही ना?

आजी (बी-४०३): वाट्या रे बाळा. व वालाचा.