हेडफोनला नवी पिन लावली, पण गायकाचा आवाजच गायब! सल्ला हवा

सांजवात: जुन्या हेडफोनची पिन मुळाशी तुटली. ३.५ मिमीची नवी स्टिरिओ पिन आणून २५ वॅटच्या आयर्नने जोडली. केबलमध्ये लाल, हिरवी आणि दोन तांब्याच्या रंगाच्या तारा आहेत. लाल उजव्या कानाची आणि हिरवी डाव्या कानाची धरली, तांबडट दोन्ही एकत्र पिळून ग्राउंडला दिल्या. आता वाद्यं ऐकू येतात, पण गाणं खोल विहिरीतून आल्यासारखं वाटतं. पिन खराब असेल का?

भटक्या_७२: तारांवर लाखेचा थर असतो, त्यामुळे सोल्डर धरत नाही. ब्लेडने खरवडून घ्या. लाल म्हणजे उजवा, हे सगळीकडे सारखंच असतं.

तारयंत्र: लाखेचं बरोबर आहे, पण ब्लेड नको. केसासारख्या तारा आहेत, निम्म्या तुटतील. रंगावरही डोळे झाकून विसंबू नका.

सांजवात, पिन चांगली आहे, ग्राउंड सुटलाय. ग्राउंड नसला की दोन्ही कानांचे स्पीकर एकामागे एक जोडले जातात आणि डाव्या-उजव्यातला फक्त फरक वाजतो. गायकाचा आवाज बहुतेक दोन्हीकडे सारखाच असतो, म्हणून तो पुसला जातो. मीटर लावून बघा. हेडफोन ३२ ओहमचे असतील तर टोक आणि मधली कडी यांत साधारण ६४ दिसेल, पण टोक आणि मागची दांडी यांत काहीच दिसणार नाही.

तारा सोडवा. आयर्नच्या टोकावर सोल्डरचा टपोरा थेंब घ्या, तारेचं टोक त्यात बुडवून दोन-चार सेकंद धरा. लाख आणि आतला दोरा जळून धूर निघेल (खिडकी उघडी ठेवा), तार चंदेरी झाली की कल्हई झाली. मग पिनेच्या पट्ट्यांनाही तशीच कल्हई करा. ग्राउंडची लांब पट्टी उष्णता पिते, तिथे जरा जास्त वेळ द्या. पिन एखाद्या जुन्या सॉकेटमध्ये खोचून ठेवा, म्हणजे आतलं प्लास्टिक वितळलं तरी कड्या सरकत नाहीत. आणि टोपण आधी केबलमध्ये ओवा!

मंजिरी_क: माझ्या मोबाइलच्या हेडफोनला माइक आहे. हीच पिन चालेल?

तारयंत्र: गाणी वाजतील, माइक नाही. त्याला चार भागांची पिन लागते. वेगळा धागा काढा, त्यात ग्राउंड आणि माइकच्या जागाही सगळीकडे सारख्या नसतात.

सांजवात: मीटरवर टोक-कडी ६३, टोक-दांडी शून्य संपर्क! ग्राउंडच्या तारा नुसत्या सोल्डरच्या गोळ्यात अडकल्या होत्या, वर लाख तशीच. कल्हई करून जोडल्यावर दोन्हीकडे ३१-३२ येतंय. मीटरची काडी टोकाला लावली की डाव्या कानात करकर होते, म्हणजे डावा-उजवाही बरोबर. गायक परत आला! आता केबल ओढली जाऊ नये म्हणून टोपणात ग्लू गनचा गोंद भरू का?

भटक्या_७२: भरा, माझं दोन वर्षं टिकलंय.

तारयंत्र: मी नाही भरत, पुन्हा उघडताना तारा तुटतात. पिनेच्या मागच्या पकडीत केबलचं वरचं आवरण दाबून बसवा.

सांजवात: आवरण पकडीपर्यंत पोचतच नाहीये, मी सेंटिमीटरभर जास्त सोललं.