'इफेक्ट साइज'ला बातमीत काय म्हणावं?

वार्ताहर: आरोग्य पुरवणीत २००८ सालच्या 'ज्युपिटर' चाचणीबद्दल लिहितोय. चाचणी रोसुव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीची. एका संशोधक बाईंना सारांशाचा फोटो पाठवून 'हार्ट अटॅकचा धोका ४४ टक्क्यांनी घटतो' असं लिहू का, विचारलं. त्यांचं उत्तर, त्यांना विचारून देतोय:

"फोटोची उजवी कड कापली गेलीय. ०.५६ हा हॅझर्ड रेशो, म्हणजे दोन गटांतल्या धोक्यांचं गुणोत्तर, दिसतो, तुमचे ४४ तिथूनच आले. पण त्याच्या आधीचं वाक्य अर्धंच आलंय. मूळ सारांशात शंभर व्यक्तिवर्षांमागे गोळीच्या गटात ०.७७ आणि नकली गोळीच्या गटात १.३६ घटना आहेत. म्हणजे हजार जण वर्षभर पाहिले, तर साधारण १४ ऐवजी ८. ४४ टक्के चूक नाहीत, पण ते त्या चौदातले. दोन्ही आकडे द्या. नुसतं 'हार्ट अटॅक' लिहू नका. पक्षाघात, अँजिओप्लास्टी-बायपास, छातीदुखीसाठी भरती, हृदयविकाराने मृत्यू, सगळं एकत्र मोजलंय. चाचणी लवकर थांबवली, निम्म्या लोकांचा पाठपुरावा दोन वर्षंही नाही. अशा वेळी इफेक्ट साइज थोडा फुगलेला असू शकतो."

आता या 'इफेक्ट साइज'ला मराठीत काय लिहू?

भाषांतरकार: 'परिणाममात्रा'. सुटसुटीत आहे.

औषधविक्रेता: औषधाच्या बातमीत 'मात्रा' म्हटलं की वाचक डोसच समजणार. आमच्या काउंटरवर तरी हमखास.

एमएस्सीचा विद्यार्थी: सरळ 'परिणामाची लक्षणीयता' लिहा. पी-व्हॅल्यू ०.००००१ पेक्षा कमी आहे, म्हणजे परिणाम प्रचंडच.

संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक: पी-व्हॅल्यू लहान, हे खरं. पण त्यातून एवढंच कळतं की नुसत्या योगायोगाने असा फरक दिसणं फार अवघड. फरक केवढा, ते त्यात नाही. इथे जवळजवळ अठरा हजार माणसं होती. एवढ्या गर्दीत बारीक फरकाचीही पी-व्हॅल्यू इवलीशी येऊ शकते. मी तर 'परिणाम किती मोठा' असंच लिहीन. आणि त्या ०.५६ चा ०.४६ ते ०.६९ हा संभाव्य पल्लाही सांगा, म्हणजे ४४ ही दगडावरची रेघ वाटणार नाही.

एक वाचक: मी बायपासनंतर हीच गोळी घेतो. फायदा एवढासाच असेल तर सोडू का?

प्राध्यापक: मुळीच नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच. त्या चाचणीत हृदयविकार नसलेले लोक होते. एलडीएल १३० च्या आत, फक्त सीआरपी, म्हणजे रक्तातला दाह दाखवणारा घटक, वाढलेला. ते १४ आणि ८ तुम्हाला लागू नाहीत.

भाषांतरकार: मग 'परिणामाचं आकारमान'? 'किती मोठा' हे शीर्षकात चालेल, पण चौकटीत संज्ञा लागतेच.

औषधविक्रेता: आकारमान म्हणजे गोळीचं का?

वार्ताहर: शीर्षकात 'हजारात १४ ऐवजी ८' घेतलं. डेस्कने ४४ परत मागितलेत, ते पोटात टाकतोय. चौकटीतली संज्ञा अजून कोरीच आहे.