‘छत गळतं’ की ‘गच्ची गळते’? घरमालक काकांना दुसरं पत्र लिहायचं आहे

मृणाल_मानेवाडा
मी नागपुरात मानेवाड्याला सगळ्यात वरच्या मजल्यावर किरायाने राहते. मागच्या पावसाळ्यात आतल्या खोलीत, पंख्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात वरून पाणी टपकायचं. घरमालक काका निवृत्त शिक्षक आहेत, अमरावतीला मुलाकडे असतात. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही, म्हणून एप्रिलमध्येच पत्र पाठवलं. त्यातला मुख्य मजकूर असा:

“आदरणीय काका, सा. न. वि. वि. पाणी आलं की आतल्या खोलीचं छत गळतं. तरी पावसाळ्यापूर्वी छताची दुरुस्ती करून द्यावी, ही नम्र विनंती.”

काकांनी लगेच नळवाला पाठवला. तो टाकीचा बॉलकॉक बदलून गेला. मग पेंटर आला, म्हणाला, छताचे पोपडे खरवडून पुट्टी लावून देतो. त्याला मी थांबवलं आहे. पुण्याची मैत्रीण म्हणते की ‘छत’ हा शब्दच हिंदी आहे, मराठीत ‘गच्ची’ म्हणतात, आणि ‘पाणी आलं’ म्हणजे नळाला पाणी आलं. आमच्याकडे तर पाऊस आला तरी ‘पाणी आलं’च म्हणतात. काकांना वाईट न वाटता दुसरं पत्र कसं लिहू? कोणते शब्द वापरू?

श्रीरंग
मैत्रिणीचं बरोबर आहे. पावसाला पाऊस म्हणावं, पाण्याला पाणी. ‘किरायाने’सुद्धा पत्रात नको, ‘भाड्याने’ लिहा. प्रमाण मराठीत लिहिलं असतं तर हा घोटाळा झालाच नसता.

वैदर्भीय_वाचक
श्रीरंगजी, काका अमरावतीचे आहेत. ‘पाणी येऊन राहिलं’ म्हणजे पाऊस, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण एप्रिलच्या उन्हात पत्र वाचणाऱ्याच्या डोक्यात पाऊस कुठून येणार? त्या दिवसांत ‘पाणी आलं का’ हा प्रश्न नळाचाच असतो. चूक बोलीची नाही, महिन्याची आहे. तेच पत्र जुलैत गेलं असतं तर बरोबर कळलं असतं. आणि किराया शब्द आमच्या चार पिढ्यांच्या तोंडी आहे, तो आता का सोडायचा?

श्रीरंग
तोंडी असणं वेगळं आणि पत्रात असणं वेगळं. मी एवढंच म्हणतो आहे.

सुनंदा_देव
आमच्याही फ्लॅटमध्ये असंच आहे. वरच्या मजल्यावरच्यांच्या बाथरूममधून आमच्या न्हाणीघराच्या भिंतीला ओल येते. सोसायटीला तीनदा लिहिलं. ते म्हणतात, तुम्ही दोघं आपसात बघा. यावर काय लिहावं?

गिलावा
सुनंदाताई, तुमचं पाणी रोजचं आहे, मृणालताईंचं पावसाचं. तुमच्याकडे ‘ओल येते’ हाच शब्द योग्य, कारण तिथे थेंब पडत नाही, भिंत बाराही महिने दमट राहते. तुमचा पाइप किंवा टाइल्सचे सांधे तपासावे लागतील. तो वेगळा विषय आहे.

मी बरीच वर्षं बांधकामाच्या साइटवर देखरेखीचं काम केलं आहे, म्हणून मृणालताईंच्या पत्राबद्दल थोडं सविस्तर लिहितो. छत हिंदी की मराठी यापेक्षा महत्त्वाचं हे, की स्लॅब एकच असला तरी त्याला दोन बाजू असतात. खोलीत आडवं पडून दिसतं ते छत. वर जाऊन पाय ठेवतो ती गच्ची. तुम्ही ‘छताची दुरुस्ती’ लिहिलंत, काकांनी खालची बाजू धरली आणि पेंटर पाठवला. त्यांनी शब्दाप्रमाणेच केलं.

आणि नेमकी तीच दुरुस्ती घातक असते. पाणी वरून शिरतं. खालून पुट्टी लावली की डाग झाकला जातो, पण पाणी स्लॅबमध्येच राहतं. आतले गज गंजतात, गंजून फुगतात आणि खालचा गिलावा ढकलून पाडतात. पेंटरला थांबवलंत ते फार चांगलं केलंत.

आता मला सांगा, पाऊस सुरू झाल्याबरोबर टपकायचं की काही तासांनी? आणि पाऊस थांबल्यावर?

मृणाल_मानेवाडा
काही तासांनी सुरू व्हायचं, आणि पाऊस थांबला तरी दुसऱ्या दिवशीपर्यंत थेंब पडायचे. त्या जागी आता पिवळट कडांचा डाग आहे आणि पांढरी भुकटी सुटते. उन्हाळ्यात एकदाही टपकलेलं नाही.

गिलावा
मग टाकी सुटली. टाकीचं किंवा पाइपचं असतं तर उन्हाळ्यातही टपकलं असतं. उशिरा सुरू होऊन उशिरापर्यंत चालतं, म्हणजे गच्चीवर पाणी साचतं आणि हळूहळू आत उतरतं. वर जाऊन त्या कोपऱ्याच्या आसपास बघा. पावसाचं पाणी जायच्या पाइपचं तोंड कचऱ्याने भरलं आहे का? कठडा आणि गच्ची जिथे मिळतात, तिथला गोलसर वाटा तडकला आहे का? आपल्याकडचं ऊन स्लॅबला फार ताणतं, दिवसा तापून फुगतो, रात्री आकसतो, आणि पहिली चीर बहुधा त्या सांध्यातच पडते. एक लक्षात ठेवा, थेंब जिथे पडतो त्याच्या बरोबर वर भोक असेलच असं नाही. पाणी स्लॅबमधून आडवं चालतं.

टेकडी_लाइन
उन्हाळ्यातही टपकू शकतं हो. कूलर! शेजाऱ्याने गच्चीवर डेझर्ट कूलर ठेवला होता, त्याची मोटर रात्रभर पाणी सांडायची आणि आमच्या खोलीचा कोपरा मे महिन्यात ओला. आम्ही स्लॅब खराब समजून बसलो होतो.

गिलावा
हो, नागपुरात हे आधी बघावंच लागतं. मृणालताईंचं उन्हाळ्यात कोरडं आहे म्हणून कूलर बाजूला ठेवला.

खात्री करायची असेल तर पाइपचं तोंड गोणपाटाने बंद करायचं, संशयाच्या भागाभोवती मातीची आळी करून दोन इंच पाणी भरायचं आणि दोन दिवस ठेवायचं. खालचा डाग ओला झाला तर गच्चीच. हे काकांच्या परवानगीने करा, आणि फोटो काढून पत्रासोबत पाठवा.

प्रशांत_इतवारी
एवढं कशाला? कायदा आहे. घरमालक दुरुस्ती करत नसेल तर किरायेदाराने स्वतः करायची आणि किरायातून कापून घ्यायची. लिहून टाका सरळ.

अ‍ॅड_मीनल
प्रशांत, अर्धंच सांगितलंस. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 14. घर राहण्याजोगं ठेवणं हे घरमालकाचं काम, पण करारात वेगळं ठरलेलं नसेल तर. त्याला किमान 15 दिवसांची नोटीस द्यायची, त्यानंतरही रास्त वेळेत त्याने काम केलं नाही तर मग स्वतः करून खर्च कापता येतो. तोही वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. शिवाय हे भाडेकरूसाठी आहे. मृणालचा करार अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा असेल, तर आधी त्यात दुरुस्तीबद्दल काय लिहिलं आहे ते वाचावं लागेल. श्रीरंगजी, इथे मात्र शब्दाने खरंच फरक पडतो. घरात दोघांनाही किरायेदारच म्हणतात, कायद्यात ते दोन वेगळे.

आणि जो माणूस पत्र मिळताच दोन कारागीर पाठवतो, त्याला कलम दाखवू नये.

मृणाल_मानेवाडा
अकरा महिन्यांचाच आहे. आणि कलम लिहिण्याचा विचारही नाही. काकांनी मला मुलीसारखं ठेवलं आहे.

सुनंदा_देव
मग ‘करून द्यावी’ नको, ‘करून घ्यावी’ लिही. ‘द्यावी’ म्हणजे मला द्या, असं होतं. घर त्यांचं आहे, दुरुस्ती त्यांच्या घराची आहे. ‘घ्यावी’ म्हटलं की त्यांच्या हिताचं सुचवल्यासारखं वाटतं.

वैदर्भीय_वाचक
माझं मत उलट. ‘करून घ्यावी’ म्हणजे वरच्या अधिकाऱ्याने हाताखालच्याला सूचना केल्यासारखं. ऑफिसच्या पत्रांत बघा, “सदर काम करून घ्यावे”. ‘करून द्याल का’ लिहा. मोठ्या माणसाला विचारणंच शोभतं.

श्रीरंग
‘व्हावी’ लिहा. ‘दुरुस्ती पावसाळ्याआधी व्हावी, अशी विनंती आहे.’ घेणारा नाही, देणारा नाही. जुन्या पत्रांत ही सोय होती.

गिलावा
श्रीरंगजींचं ‘व्हावी’ मला आवडलं, पण ‘पावसाळ्याआधी’ने कारागिराचं काम भागत नाही. वरचा कोबा फोडून नवा करायचा ठरला तर फोडणं, साफ करणं, चिरा भरणं, मग विटांच्या तुकड्यांचा थर पाइपच्या दिशेने उतार देऊन बसवणं, यात दिवस जातात. उतार दहा फुटांना सव्वा इंच तरी हवा, नाहीतर पाणी पुन्हा साचेल. वर सिमेंट झालं की किमान आठवडाभर पाणी भरून ठेवावं लागतं. नवतप्याच्या उन्हात ते पाणी टिकत नाही, सिमेंट तडकतं, आणि मृगाच्या आधीची एखादी सर ओल्या कामावर पडली तर सगळं वाया. म्हणून तारीख लिहा. मेच्या पहिल्या पंधरवड्यात काम सुरू व्हायला हवं. नुसता वाटा तडकला असेल तर काम थोडक्यात होईल, पण ते गवंड्याने वर जाऊन बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

मृणाल_मानेवाडा
सगळ्यांचं घेऊन असं लिहिलं आहे:

“आदरणीय काका, सा. न. वि. वि. आपण नळवाला आणि पेंटर लगेच पाठवलेत, त्याबद्दल आभारी आहे. माझ्या पत्रात पुरेसं स्पष्ट आलं नव्हतं म्हणून पुन्हा लिहिते. मागच्या वर्षी पाऊस पडल्यानंतर काही तासांनी आतल्या खोलीत, पूर्वेच्या कोपऱ्यात वरून थेंब पडत होते आणि पाऊस थांबल्यावरही दुसऱ्या दिवसापर्यंत पडत राहत. उन्हाळ्यात तिथे कोरडं आहे, म्हणजे टाकीचं पाणी नसावं. गच्चीवर कठड्याजवळ चीर दिसते, फोटो सोबत आहेत. खालून पुट्टी लावण्याआधी एखाद्या गवंड्याकडून गच्ची वरून तपासली जावी आणि लागेल ते काम मेच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू व्हावं, अशी विनंती आहे. आपल्या ओळखीचा गवंडी सांगितलात तर मी गच्चीची किल्ली घेऊन थांबेन.”

अ‍ॅड_मीनल
छान आहे. वर तारीख घाल आणि एक प्रत स्वतःकडे ठेव.

श्रीरंग
‘टपकत’ जाऊन ‘थेंब पडत होते’ आलं, बरं झालं.

वैदर्भीय_वाचक
टपकणे मराठीच आहे हो. आंबा टपकतो तेव्हा तो काय हिंदीत टपकतो?

श्रीरंग
आंबा पडतो. पाणी गळतं. स्लॅबमधून झिरपतं. एवढे शब्द असताना टपकायची गरज काय?

टेकडी_लाइन
झिरपणं दिसत नाही, टपकणं ऐकू येतं. माझ्यासाठी दोन्ही लागतात. स्लॅबच्या आधी हे वाद नव्हते. आजोळी कवेलूचं घर होतं, अक्षय तृतीया झाली की कवेलू फेरायला माणूस यायचा. फुटके काढून नवे बसवायचा आणि गळकी जागा अंगणातूनच दिसायची.

श्रीरंग
त्याला शाकारणी म्हणतात. घर शाकारणे.

सुनंदा_देव
शाकारणी आमच्याकडे गवताच्या छपरासाठी म्हणत. कौलं चाळायची असत.

वैदर्भीय_वाचक
कौल नाही, कवेलू. आणि चाळत नाहीत, फेरतात. भंडारा-गोंदियाकडचं कोणी असेल तर सांगा, तिकडे ‘फेरणे’च आहे की ‘फिरवणे’?