४.५ म्हणजे ४ की ५? ग्रामपंचायतीच्या जागांमधले अपूर्णांक

उंबरठा:
९ सदस्यांची ग्रामपंचायत. सोडतीत एकूण आरक्षणाची मर्यादा ५० टक्के, म्हणजे ४.५. तिथे ४ धरले. महिलांना निम्म्या जागा, म्हणजे तेच ४.५. तिथे ५ धरले. एकाच सभेत एका आकड्याला दोन न्याय! माझं मत, पूर्णांक करायचा नियम सगळीकडे एकच हवा.

तिरपागडे:
सहमत. अर्धा किंवा जास्त असेल तर पुढचा आकडा, कमी असेल तर सोडून द्यायचा. पवनकुमार तिवारी प्रकरणात (२००५) सर्वोच्च न्यायालयानेही हेच म्हटलंय, ४६.५ चे ४७ करा म्हणून. विषय संपला.

जुना_कारकून:
संपला कसा? ते ४७ कोणाचे होते ते बघा की. एकूण पदं ९३ आणि वाढवलेली जागा खुल्या प्रवर्गाची. तोच अर्धा राखीव बाजूला टाकला असता तर आरक्षण ५० टक्क्यांच्या वर गेलं असतं. आता तुमचा नियम दोन्ही बाजूंना लावा, ४७ आणि ४७ मिळून ९४ होतात. चौऱ्याण्णवावं पद आणायचं कुठून?

उंबरठा, किती टक्के हे तर बघायचंच, पण ते किमान आहे, कमाल आहे की 'शक्य तितकं जवळ', यावर अपूर्णांकाचं काय करायचं ते ठरतं. संविधानाच्या २४३ड मध्येच दोन तऱ्हा आहेत. अनुसूचित जाती-जमातींच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणाला शक्य तितक्या जवळ, म्हणून तिथे जवळचा पूर्णांक. महिलांना एक तृतीयांशाहून कमी नाही, म्हणजे किमान, म्हणून वरचा. महाराष्ट्राने महिलांचं प्रमाण निम्मं केलं, तिथेही व्यवहारात ९ ला ५ च धरतात. ५० टक्के ही मात्र कमाल आहे. कमालीला वर ढकललं की ती मोडलीच.

तुमच्या ९ जागा घ्या. समजा अनुसूचित जाती १२ टक्के, म्हणजे १.०८, जागा १. जमाती २० टक्के, म्हणजे १.८, जागा २. नागरिकांच्या मागास प्रवर्गाला, म्हणजे नामाप्रला, २७ टक्क्यांनी २.४३ येतात, म्हणजे २. बेरीज ५, म्हणजे ५५.५६ टक्के. अनुसूचित क्षेत्र सोडलं तर हे चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या विकास गवळी निकालानंतर २७ टक्के हे 'पर्यंत' झालेत, तेही एकूण ५० च्या आत बसलं तर. म्हणून नामाप्रला १.

महिलांचे ५ या बेरजेत येत नाहीत. ते सगळ्या प्रवर्गांतून आडवे जातात.

वारूळ:
म्हणजे तुटीचा फटका दरवेळी नामाप्रलाच? १.८ चे २ झाले ते कोणाच्या खात्यातून? ५० मधून ३२ वजा केले तर नामाप्रला १८ टक्के उरतात, ९ जागांत १.६२. दिली १, म्हणजे ११ टक्के. आधीचे दोघे जवळचा पूर्णांक घेऊन गेले आणि शेवटच्याने मर्यादा सांभाळायची. हे गणित नाही, रांगेत उभं करायचा क्रम आहे.

शेवंता_७:
आमच्या संस्थेत एका विषयाचं एकच पद आहे. ते या वेळी राखीव करून पुढच्या वेळी खुलं करता येईल का? चक्रानुक्रम आहेच ना.

जुना_कारकून:
शेवंता, तुमचा प्रश्न नोकरीचा आहे, तो वेगळा. एकट्या पदाला आरक्षण म्हणजे १०० टक्के, आणि ते चक्रानुक्रमानेही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये चंदीगडच्या पीजीआय प्रकरणात म्हटलंय. एका संवर्गात पदं जास्त असतील तर कितवं पद कोणत्या प्रवर्गाला हे ठरवणाऱ्या बिंदुनामावलीवर बघा. निवडणुकीत एकच राखीव जागा असली, तर ती कधी त्या प्रवर्गातल्या महिलेला आणि कधी सर्वांना, असं फिरवता येतं.

वारूळ, क्रमाबद्दल तुमचं खरं आहे. जाती-जमातींचं आरक्षण संविधानाने बंधनकारक केलंय. मागास प्रवर्गाला तरतूद करायची की नाही हे राज्यावर सोडलंय. रांग तिथेच ठरते. मला ते न्याय्य वाटतं असं मी म्हणत नाही.

तिरपागडे:
मग उरलेले ०.६२ पुढच्या निवडणुकीला जमा करा. दोन वेळा मिळून १.२४ होतील, तेव्हा एक जास्तीची द्या.

वारूळ:
आणि त्या वेळी बेरीज पुन्हा ५ होणार, म्हणजे मर्यादा पुन्हा आडवी. उधारी वसूल कधी होणार?

उंबरठा:
सरपंचपदांसारखं करा ना. तिथे एकेका गावाचे टक्के काढत बसत नाहीत, तालुक्यातल्या पदांतून सोडत निघते. मोठ्या आकड्यात अर्धा-पाव कोणाला टोचत नाही. सदस्यांच्या जागाही तालुकाभर एकत्र मोजा आणि नामाप्रची जास्तीची जागा गावागावांत फिरवा.

जुना_कारकून:
फिरवून ज्या गावात दुसरी जागा जाईल, तिथे ९ पैकी ५ झालेच. मर्यादा गावाच्या पंचायतीला लावायची की तालुक्याच्या एकत्रित आकड्याला, हे आधी ठरवावं लागेल. आज ती पंचायतीला लावतात.