मदत हवी आहे: चेक इंजिनचा दिवा दोनदा दुरुस्त करूनही पुन्हा लागला, सर्व्हिस मॅनेजरला पत्र

सायली_प
गाडी वॉरंटीत आहे. चेक इंजिनचा दिवा लागला, शोरूमला दिली, दिवा गेला. परत लागला, परत दिली. काल पुन्हा पेटला. अॅडव्हायजर म्हणतो, "घेऊन या, बघू." मला आता मॅनेजरला कडक पत्र लिहायचंय. कुणाकडे मसुदा आहे का? आजच पाठवायचंय.

गिरीश_ना
पेट्रोल की डिझेल? कोड काय आला? दोन्ही वेळा नक्की काय केलं?

तुषार७
डिझेलच्या धुराचा फिल्टर, डीपीएफ, चोक झालाय. माझाही असाच दिवा लागायचा, हायवेला अर्धा तास पळवली की जायचा. पत्रबित्र सोडा.

सायली_प
पेट्रोल आहे हो. आधी थ्रॉटल बॉडी साफ केली, मग ऑक्सिजन सेन्सर बदलला. दोन्ही जॉब कार्डांवर P0171 लिहिलंय.

गिरीश_ना
मग पत्राची सुरुवात तिथूनच करा: कोड दोन्ही वेळा तोच. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, एवढंच हा कोड सांगतो. सेन्सरने चुगली केली म्हणून सेन्सरच खराब असं नसतं. स्कॅनरने कोड पुसला की दिवा जातोच, मूळ दोष राहिला तर काही फेऱ्यांनी परत येतो.

रवी_कोल्हापूर
भेसळीचं पेट्रोल. पंप बदला.

गिरीश_ना
रवीदादा, असू शकतं, पण हेच कारण पुढे करून शोरूमवाले वॉरंटी नाकारतात. त्यांना तसं वाटत असेल तर पेट्रोलचा नमुना तपासून लेखी द्यावं. सायलीताई, असं लिहा:

"महोदय, P0171 साठी दोनदा दुरुस्ती होऊनही दिवा पुन्हा लागला आहे. जॉब कार्डांच्या प्रती सोबत आहेत. कोड पुसण्याआधी दिवा लागला त्या क्षणाची फ्रीझ फ्रेमची नोंद आणि आयडलला व २५०० आरपीएमला फ्युएल ट्रिमचे आकडे मला द्यावेत. इनटेकची स्मोक टेस्ट करावी. कारण लेखी कळवावे आणि गाडी माझ्यासमोर चालवून पाहावी."

ट्रिम म्हणजे गाडी स्वतःहून पेट्रोल किती वाढवते-घटवते तो आकडा. तो आयडलला जास्त आणि आरपीएम वाढवल्यावर खाली येत असेल, तर बहुधा कुठल्या तरी पाइपातून हवा आत शिरतेय; स्मोक टेस्टच्या धुराने ती गळती सापडते. उलट वाढत गेला तर पेट्रोल पंप किंवा फिल्टर बघायला सांगा.

मेधा_ठाणे
एवढं तांत्रिक कशाला? सरळ १९१५ ला ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

गिरीश_ना
करा की, पण आधी ईमेल. कंपनीच्या कस्टमर केअरलाही प्रत टाका. फोनवरच्या बोलण्याचा पुरावा राहत नाही.

प्रदीप_जे
एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली नसेल तर आत्ताच घ्या.

सायली_प
ईमेल केला. तोवर ऑफिसला गाडी नेऊ का?

गिरीश_ना
दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट ओढत असेल तर हळू न्या. लुकलुकायला लागला तर बाजूला घेऊन बंद करा, नाहीतर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाईल.

सायली_प
मॅनेजरचा फोन आला. गाडी दोन दिवस ठेवा म्हणतात, स्मोक टेस्टबद्दल मात्र गप्प. तेवढ्या दिवसांसाठी बदली गाडी मागता येते का?