'फेअर' हप्ता: रास्त की न्याय्य?

शेवंती: अर्थशास्त्राच्या टिपणांचं मराठी करतेय. एक वाक्य अडलंय: जोखीम नको असलेला माणूस, हप्ता 'ॲक्चुरिअली फेअर' असेल तर पूर्ण नुकसानीचा विमा उतरवतो. मी 'न्याय्य हप्ता' लिहिलं, पण त्यातून नैतिक न्यायाचा वास येतो.

रानवाटा: 'रास्त' लिहा ना, रास्त भाव दुकान सगळ्यांना माहीत आहे. 2023 च्या खरिपात आम्हाला 1 रुपयात पीक विमा मिळाला, तो रास्तच होता. पण सोयाबीन गेलं, पंचनामा झाला, तालुक्याला तीन खेपा घातल्या आणि हातात काही आलं नाही. मग रास्त कशाला म्हणायचं?

गणितवेडा: भरपाई अडकली याचं वाईट वाटतं. पण तो 1 रुपया या अर्थाने 'फेअर' नव्हता, बाकीचा हप्ता सरकार भरत होतं. शिवाय किती रकमेचा विमा घ्यायचा हेही तुमच्या हातात नव्हतं. इथे अर्थ एवढाच की हप्ता सरासरी नुकसानाइतका. समजा 1 लाखाची मालमत्ता आहे आणि चारात एकदा 64 हजार जातात. सरासरी नुकसान 16 हजार, म्हणजे विम्याच्या रुपयामागे 25 पैसे. समाधान पैशाच्या वर्गमुळाने मोजलं, आकडे हजारात घेतले, तर विम्याशिवाय सरासरी समाधान 9 येतं. निम्मा विमा घेतला तर 9.13, पूर्ण घेतला तर 9.17.

तात्या: बरोबर. आणि तो जोखमीला भितो, म्हणून हप्ता थोडा चढा असला तरी पूर्णच घेणार. याच उदाहरणात तो 19 हजारांपर्यंत देईल.

गणितवेडा: 19 हजार बरोबर, पण 'सगळा घे नाहीतर सोड' अशी अट असेल तरच. रक्कम त्याने ठरवायची असेल तर नाही. दर 28 पैसे झाला की तो 64 ऐवजी साधारण 40 हजारांचाच विमा घेतो. पूर्ण विमा असला की नुकसान होवो न होवो, हातात तेवढेच पैसे राहतात, म्हणून दोन्हीकडे रुपयाची किंमत सारखी. तेव्हा विम्याचा शेवटचा रुपया त्याला 25 पैशांचाच वाटतो, त्यासाठी 28 तो का देईल? विमा कमी असेल तर नुकसानीच्या दिवशीचा रुपया जास्त मोलाचा, म्हणून 25 पैशांच्या दरात तो पूर्ण रकमेपर्यंत जातो.

तात्या: म्हणजे घाबरटपणा कितीही असला तरी?

गणितवेडा: हो. घाबरट जास्त असेल तर तो 40 च्या पुढे जाईल, पण 64 ला पोचणार नाही.

शेवंती: मग 'जेवढ्यास तेवढा हप्ता' कसं वाटतं?

रानवाटा: हे मला कळलं.

तात्या: परीक्षेत कोण लिहील हे? मी 'विमागणिती रास्त'वर ठाम.

शेवंती: आणखी एक. 'अपेक्षित नुकसान' लिहिलं तर नुकसानाची वाट पाहतोय असं वाटतं. 'सरासरी नुकसान' चालेल?

गणितवेडा: एकाच माणसाच्या एकाच वर्षाला 'सरासरी' म्हणणं मला खटकतं. पण दुसरा शब्द सुचत नाही.